‘किमान दोन’च्या मागे लपलेले शून्य आणि एक: शेवगावहून आलेला फोटो

(भागाचं शब्दांकन. बोलताना घसरलेले काही शब्द नीट केलेत, आकडे मात्र सगळे परत तपासून लिहिलेत. ऐकताना सोबत वही असेल तर बरं.)

आजचा भाग एका फोटोवर आहे. शेवगावहून आपल्या एका श्रोतीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. बारावी सायन्सला आहे. क्लासच्या चाचणीचा पेपर, घडी घालून खिशात ठेवलेला, आणि ती घडी नेमकी गणिताच्या शेवटच्या ओळीवरून गेलेली. पेपर इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते:

“एका कारखान्यात तयार होणाऱ्या ठिबकच्या ड्रिपरपैकी 5 टक्के ड्रिपर सदोष निघतात. मालाच्या मोठ्या साठ्यातून कसेही 20 ड्रिपर उचलले. त्यात ... 2 सदोष निघाले, तर सगळा माल नाकारतात. माल नाकारला जाण्याची संभाव्यता काढा.”

ते टिंब टिंब आहेत ना, तिथे घडी आहे. शब्द ‘अ‍ॅट लीस्ट’ आहे की ‘अ‍ॅट मोस्ट’, फोटोत दिसतच नाही. गणितात या एका शब्दाने उत्तर पार उलटं होतं, म्हणून मी आधी तिला फोनच केला.

“ताई, अ‍ॅट लीस्ट आहे. किमान दोन.”

मला वाटलंच होतं. फोटो वाचता येत नसला तरी वाक्य वाचता येतं. ‘जास्तीत जास्त दोन खराब निघाले तर माल नाकारा’ असं कुठला कारखाना म्हणेल? एकही खराब निघाला नाही म्हणून माल परत! तेव्हा तिथे ‘किमान’च हवं. घाईत फोटो काढून सोडवायला बसता तेव्हा शब्द दिसला नाही तर वाक्य मोठ्याने वाचा, बऱ्याचदा अर्थच शब्द सांगून जातो. एक अडचण मात्र अर्थानेही सुटत नाही, ती म्हणजे दशांश चिन्ह. झेरॉक्सचा फोटो असेल तर .5 टक्के आणि 5 टक्के सारखेच दिसतात, आणि दोन्हींचा अर्थ ठीकठाक लागतो. तिथे दुसरा फोटो मागवायचा.

“बरं, तू काय केलंस?”

“मी दोनपासून सुरू केलं. दोन खराब, मग तीन, मग चार, पाच. पाचपर्यंत आले आन् बेल झाली. चारपैकी एक मार्क.”

तिच्या वहीचाही फोटो आहे माझ्याकडे. आणि गंमत सांगू का? तिचं काहीच चुकलेलं नाही! पाचपर्यंतची बेरीज तिने 0.2638 काढलीय. खरं उत्तर आहे 0.2642. म्हणजे सहापासून वीसपर्यंतच्या उरलेल्या पंधरा आकड्यांची सगळी मिळून भर होती जेमतेम 0.0003. पोरगी दाराशी पोचली होती, फक्त फार लांबच्या रस्त्याने आली. आज आपण जवळचा रस्ता बघू. आणि मग तिने फोनवर जो प्रश्न विचारला, तो तर गणितापेक्षा भारी होता, त्याच्याकडे येऊ.

आधी शेतात जाऊ या. शेवगावकडे जूनमध्ये कपाशी टोकताना एका ठिकाणी दोन बिया टाकतात. का? संकरित कपाशीच्या पाकिटावर उगवणशक्ती किमान 75 टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे एक बी टाकली तर चारातली एक जागा रिकामी राहायची भीती. मग मागाहून नांग्या भरत बसा. दोन बिया टाकल्या तर किमान एक तरी उगवण्याची संभाव्यता किती?

सरळ मोजायचं तर: पहिली उगवली दुसरी नाही, दुसरी उगवली पहिली नाही, किंवा दोन्ही उगवल्या. तीन प्रकार, तीन गुणाकार, एक बेरीज. पण शेतकरी असा विचार करत नाही. तो म्हणतो, जागा रिकामी कधी राहील? दोन्ही बिया मेल्या तरच. एक बी न उगवण्याची संभाव्यता 0.25. दोन्ही न उगवण्याची 0.25 गुणिले 0.25, म्हणजे 0.0625. सोळा जागांमागे एक रिकामी. उरलेल्या पंधरा ठिकाणी किमान एक रोप आहेच. 1 वजा 0.0625, उत्तर 0.9375. एक गुणाकार, एक वजाबाकी.

याला पुस्तकात ‘पूरक घटना’ म्हणतात. जे हवंय ते मोजण्याऐवजी जे नकोय ते मोजायचं आणि एकातून वजा करायचं. सगळ्या शक्यतांची बेरीज एक असते, म्हणून हे चालतं. युक्ती एवढीच आहे.

आता परत ड्रिपरकडे. वीस ड्रिपर उचललेत. खराब किती निघू शकतात? शून्य, एक, दोन, तीन, असं करत वीस. एकूण एकवीस शक्यता. वहीत एका ओळीत लिहा आणि ‘किमान दोन’ कुठून सुरू होतं तिथे उभी रेघ मारा:

```
0, 1 | 2, 3, 4, 5, ... , 20
```

रेघेच्या उजवीकडे एकोणीस आकडे, डावीकडे दोन. शेवगावची आपली मैत्रीण उजवीकडून निघाली होती. डावीकडून गेली असती तर दोनच हिशेब होते. म्हणून:

```
P(X ≥ 2) = 1 − P(X = 0) − P(X = 1)
```

ही रेघ खरंच मारा हं. तोंडी केलं की इथेच चुकतं, ते थोड्या वेळाने सांगते.

शून्य खराब म्हणजे वीसही चांगले. एक ड्रिपर चांगला असण्याची संभाव्यता 0.95, तर वीसच्या वीस चांगले असण्याची 0.95 चा विसावा घात. झालं.

एक खराब म्हणजे एक खराब आणि एकोणीस चांगले. 0.05 गुणिले 0.95 चा एकोणिसावा घात. पण थांबा, तो एक खराब कोणता? पहिला उचललेला असेल, सातवा असेल, विसावा असेल. वीस जागा आहेत, म्हणून वीसने गुणायचं. हे वीस विसरणारे फार! आणि 20 गुणिले 0.05 म्हणजे बरोबर 1, तेव्हा दुसरं पद उरतं नुसतं 0.95 चा एकोणिसावा घात.

आता दोन्ही पदांत एकोणिसावा घात समान आहे, तो बाहेर काढला की:

```
P(0) + P(1) = 0.95^20 + 0.95^19
            = 0.95^19 × (0.95 + 1)
            = 1.95 × 0.95^19
```

पर्यायी प्रश्न असेल तर उत्तर बहुतेक याच रूपात दिसेल, 1 वजा 1.95 गुणिले 0.95 चा एकोणिसावा घात. तिथे थांबायचं, पुढे आकडेमोड करत बसू नका.

पण तिच्या पेपरात आकडा हवा होता, आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. लॉग टेबल आहे, ते वापरा. नाहीतर वर्ग करत जा. 0.95 चा वर्ग 0.9025. त्याचा वर्ग, म्हणजे चौथा घात, 0.8145. त्याचा वर्ग, आठवा घात, 0.6634. त्याचा वर्ग, सोळावा घात, 0.4401. सोळा आणि दोन आणि एक, एकोणीस! म्हणून 0.4401 ला 0.9025 ने गुणा, मग 0.95 ने गुणा. येतं 0.3773. एकोणीस वेळा गुणायचं काम सहा गुणाकारांत आटोपलं.

0.3773 गुणिले 1.95 म्हणजे 0.7357. कॅल्क्युलेटर 0.7358 म्हणेल, शेवटच्या अंकाचा तो फरक आपण मध्ये चार अंकांवर तोडत आलो त्यामुळे आहे. 1 वजा 0.7358 बरोबर 0.2642. माल नाकारला जाण्याची संभाव्यता साधारण 26 टक्के.

हे सांगितल्यावर ती म्हणाली, “पण ताई, माझ्या मैत्रिणीने पण वजाबाकीच केली. तिचं 0.64 आलं. आन् एकीचं 0.075.”

ऐका, कारण या दोन चुका दर वर्षी होतात. 0.64 वालीने एकातून फक्त P(0) वजा केलं. तिच्या डोक्यात ‘किमान’ शब्दाची जोडी ‘एकही नाही’शी पक्की बसलीय. ते ‘किमान एक’साठी खरं आहे. ‘किमान दोन’चं उलट ‘एकही नाही’ नव्हे, ‘एक किंवा एकही नाही’. एक खराब निघाला तर माल नाकारत नाहीत, मग तो एक जाणार कुठे? त्यालाही वजा करायला हवं. 0.075 वाली दुसऱ्या टोकाला गेली, तिने शून्य, एक आणि दोन, तिन्ही वजा केले. ‘किमान दोन’मध्ये दोन स्वतः आहे, हे निसटलं. रेघ मारली असती तर दोन्ही चुका झाल्या नसत्या, म्हणून मघाशी म्हटलं.

बरं, उत्तरपत्रिका समोर नाही, तर आपलं उत्तर बरोबर की चूक हे कळणार कसं? 0.075 ला पकडणं सोपं आहे. आपल्या मैत्रिणीने P(2) एकट्याचं काढलं होतं 0.1887. ‘किमान दोन’ त्याच्यापेक्षा मोठं असलंच पाहिजे, कारण दोन त्याच्या पोटातच आहे. 0.075 त्याहून लहान, म्हणजे चूक.

0.64 ला पकडायची वाट मला जास्त आवडते. वीसात 5 टक्के म्हणजे सरासरी एक खराब. असे वीस-वीसचे शंभर नमुने काढले, तर सगळे मिळून सुमारे शंभर खराब ड्रिपर हाती येतील. आता उत्तर 0.64 खरं मानलं, तर त्या शंभरातल्या चौसष्ट नमुन्यांत प्रत्येकी किमान दोन खराब हवेत. चौसष्ट दुणे एकशेअठ्ठावीस! शंभरच खराब असताना एकशेअठ्ठावीस आणायचे कुठून? सरासरी एक असेल तर ‘किमान दोन’ची संभाव्यता अर्ध्याच्या वर जाऊच शकत नाही. ही तपासणी तोंडी होते.

आता तिचा तो प्रश्न. उत्तर समजल्यावर ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, “म्हणजे शंभरातले पाच खराब असलेला माल चारातून तीन वेळा पास होतो? आमच्या वावरात तर ठिबकच आहे की!”

बरोबर पकडलं तिने. आपण 26 टक्के उत्तर लिहितो, चौकट काढतो आणि पुढच्या गणिताला लागतो. पण वजा केलेला 74 टक्के हाच तर शेतकऱ्याच्या कामाचा आकडा आहे! वीस ड्रिपर तपासले, एकापेक्षा जास्त खराब नाही निघाला, माल ट्रकमध्ये. आणि वावरात शंभरातल्या पाच झाडांपाशी पाणी नीट पडत नाही. पूरक घटना म्हणून जे आपण उत्तर मिळवण्यापुरतं काढलं, ते म्हणजे गिऱ्हाइकाची जोखीम.

तिचा मोठा भाऊ सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. कंपनीचं नाव नको, आणि तिथे ड्रिपर नाही, दुसराच माल बनतो. पण तिने फोन त्याच्याकडे दिला आणि मी त्याला विचारलं, मग नियम कडक का करत नाहीत? एक जरी खराब निघाला तरी माल परत!

तो हसला. म्हणाला, “मॅडम, मग चांगला माल पण परत येतो.”

हिशेब करून बघा. माल चांगला आहे, फक्त 1 टक्का खराब. ‘किमान एक’चा नियम लावला तर नाकारण्याची संभाव्यता 1 वजा 0.99 चा विसावा घात, म्हणजे 0.18. जवळजवळ पाचातून एकदा चांगला माल परत. तोच माल ‘किमान दोन’च्या नियमाने तपासला तर नाकारण्याची संभाव्यता 0.017, दोन टक्क्यांच्याही आत. म्हणून तो एक खराब माफ केलेला असतो. बनवणाऱ्याची जोखीम आणि घेणाऱ्याची जोखीम, दोन्ही पारडी सांभाळायची आहेत. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी याच हिशेबाने तक्ते बनवले होते, किती नग उचलायचे आणि किती खराब चालवून घ्यायचे याचे. आपल्याकडे त्यासाठी आयएस 2500 हे मानक आहे.

दोन्ही पारडी थोडीफार सांभाळायची असतील तर उपाय एकच, नग जास्त उचला. वीसऐवजी साठ ड्रिपर तपासले आणि नियम ‘किमान दोन’च ठेवला, तर 5 टक्के खराबीचा माल नाकारण्याची संभाव्यता 26 वरून 81 टक्क्यांवर जाते. पद्धत तीच, शून्य आणि एक काढा, एकातून वजा करा. सरळ रस्त्याने गेला असता तर आता एकोणसाठ पदं होती! चांगल्या मालाचं पारडंही थोडं कलतं, 1 टक्का खराबीचा माल आता 12 टक्के वेळा परत जातो. म्हणून साठ नग घेतले की सहसा माफीही एकाच्या पुढे नेतात. आणि साठ नग तपासायला माणूस लागतो, वेळ लागतो, ते वेगळंच.

भावाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी सोडणार नाही. तो म्हणाला, “खराब नग असे सुटेसुटे येत नाहीत. एका साच्याचं तोंड झिजलं की त्या साच्याचे सगळेच खराब.”

आपल्या सूत्राची सगळ्यात मोठी अट हीच आहे. 0.95 ला 0.95 ने गुणत गेलो, ते एक ड्रिपर खराब असण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असं धरून. ही अट मोडली की गुणाकारच मोडतो. कपाशीचंही तसंच. दोन बियांचा 0.0625 हा हिशेब केव्हा खरा? एक बी किडकी असली तरी शेजारची चांगली असू शकते तेव्हा. पण टोकणीनंतर पावसाने ओढ दिली तर त्या एका खड्ड्यातल्या दोन्ही बिया एकाच कारणाने जातात. मग दुसरी बी टाकून उपयोग काय? तिथे आपलं गणित आशा जास्त दाखवतं. म्हणून तिच्या भावाकडे नग एकाच खोक्यातून उचलत नाहीत. वेगवेगळ्या पाळ्यांचे, वेगवेगळ्या साच्यांचे उचलतात.

आणि प्रश्नात ‘मोठ्या साठ्यातून’ हे शब्द उगाच नाहीत. समजा साठा नाहीच, शंभर ड्रिपरचं एकच खोकं आहे आणि त्यात नेमके पाच खराब. वीस उचलताना परत ठेवत नाही आपण, त्यामुळे दर वेळी प्रमाण थोडं बदलतं. वीसही चांगले निघण्याची संभाव्यता मग 0.358 राहत नाही, 0.319 होते. पूरक घटनेची युक्ती तिथेही चालते, पण 0.95 चे घात चालत नाहीत. हजारोंचा साठा असेल तर हा फरक विसरलात तरी चालेल.

फोन ठेवताना मी तिला एक गणित दिलं. एका वाणाची उगवण 90 टक्के आहे, वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. किमान 18 उगवण्याची संभाव्यता किती? मुद्दाम दिलं, कारण आता तिला ‘किमान’ दिसलं की हात वजाबाकीकडेच जाणार होता. इथे वजाबाकी केलीत तर शून्यापासून सतरापर्यंत अठरा पदं काढावी लागतील.

अर्ध्या तासाने तिचा फोटो आला. वहीचं पान, यावेळी घडी नाही. वर आकड्यांची ओळ आणि रेघ सतराच्या पुढे मारलेली. उजवीकडे 18, 19, 20. तिने त्याच्या बाजूला लिहिलं होतं, “न उगवलेल्या 2, 1, 0”. खाली तीन पदं, 0.285 अधिक 0.270 अधिक 0.122, बरोबर 0.677.

आणि त्याखाली पेन्सिलने, “वजाबाकी नाही केली.”